हिरवी खूण, ६८ साल आणि कोपऱ्यातला चौकोन

*ताई, मी बँकॉकला घरून डबे करते आणि शनिवारी बाजारात स्टॉल लावते. स्टॉलवर आमचा थाई मदतनीस असतो. गिऱ्हाईक पैसे माझ्या खात्यावर पाठवतं, मदतनीस गिऱ्हाइकाच्या मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो काढून मला लाइन अ‍ॅपवर पाठवतो, मी घरून ‘दे’ म्हणते. दिवाळीआधीच्या शनिवारी २,८४० बाटचा फराळ असाच गेला. फोटोत हिरवी खूण होती, माझा फोनही तेव्हाच वाजला होता, पण रात्री हिशेब लागेना. त्याच दिवशी दुसऱ्या एका फोटोत वर्ष ६८ दिसलं, म्हणून तो खोटा समजून मी त्या बाईंना परत पाठवलं. मला थाई वाचता येत नाही. दोन्ही फोटो पाठवतेय. खरं-खोटं ओळखायचं कसं?*
*— वैशाली, बँकॉक*

वैशाली, आधी त्या परत पाठवलेल्या बाईंचं बघू. तो फोटो सालामुळे खोटा ठरत नाही. थायलंडमध्ये बुद्धसंवत चालतो आणि तो आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे असतो. २०२५ म्हणजे तिथलं २५६८, आणि काही बँकांची अ‍ॅप्स थाई भाषेत चालू असली की त्यातले शेवटचे दोनच आकडे छापतात. तुमच्या फोटोतलं `18 ต.ค. 68` म्हणजे १८ ऑक्टोबर २०२५, तुमच्या स्टॉलचाच शनिवार. उलट ज्याचा फोन इंग्रजीत असतो त्याच्या स्लिपवर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या पावतीवर, आपल्या ओळखीचं साल येऊ शकतं, म्हणून सालावरून खरं-खोटं ठरत नाही. त्या बाईंचे पैसे तुमच्या खात्यात आलेत का ते नोंदींमध्ये बघा. आले असतील तर पुढच्या शनिवारी मदतनिसाला त्यांना शोधायला सांगा आणि फराळ तरी द्या, नाही तर पैसे परत करा.

आता फराळाचा फोटो. फोनमध्ये मोठा करून पाहिला तर त्यात चूक काढण्यासारखं काही नाही. वर बँकेचं चिन्ह आणि हिरवी खूण आहे, शेजारी `โอนเงินสำเร็จ` लिहिलंय, म्हणजे ‘पैसे पाठवणं पूर्ण झालं’. त्याखाली तारीख आणि ११:५२ ही वेळ, पाठवणाऱ्याचं नाव, मग तुमचं नाव, आडनावाचं पहिलंच अक्षर ठेवून. खाते क्रमांकाचे चारच आकडे उघडे आहेत आणि तेही तुमचेच आहेत. रक्कम 2,840.00. तिच्याखाली 0.00 आहे ते शुल्क, ते पाहून घाबरायचं कारण नाही. अक्षरांची जाडी, स्वल्पविराम, ओळींमधलं अंतर, सगळं जागच्या जागी.

त्या चार आकड्यांपाशी जरा थांबते, कारण इथे आपली माणसं हमखास अडखळतात. बहुतेक थाई बँकांचा खाते क्रमांक दहा आकड्यांचा असतो आणि तीन, एक, पाच, एक असा तोडून लिहितात. तुमच्या फोटोतली बँक तो `xxx-x-x1234-x` अशा धाटणीने दाखवते. म्हणजे उघडे आकडे शेवटचे चार नाहीत, शेवटचा एक सोडून त्याआधीचे चार आहेत. भारतातल्या सवयीने ‘शेवटचे चार’ ताडून पाहिले तर खरी स्लिपही खोटी वाटेल. दुसऱ्या बँकांची झाकायची रीत वेगळी असते, आणि मोबाइल क्रमांकाला जोडलेल्या प्रॉम्प्टपेवर, म्हणजे थायलंडच्या यूपीआयसारख्या सोयीवर, पैसे पाठवले असतील तर खात्याऐवजी मोबाइलचे आकडे दिसू शकतात.

मग फोटोत सगळं बरोबर असताना पैसे गेले कुठे? मी त्या फोटोच्या कोपऱ्यातला छोटा क्यूआर माझ्या बँकेच्या अ‍ॅपमधून स्कॅन केला. मदतनिसाने फोटो सरळ धरून काढलाय, चौकोन पूर्ण आलाय, त्यामुळे तो वाचला गेला. माझ्या अ‍ॅपने दाखवलं ते असं: तीच तारीख, तीच वेळ, तोच पाठवणारा, तुम्हीच घेणाऱ्या, आणि रक्कम ४० बाट.

त्या माणसाने तुम्हाला खरोखरच पैसे पाठवले, पण फक्त ४० बाट. मग स्वतःच्या फोनमध्ये जतन झालेल्या खऱ्या स्लिपवर ४० च्या आधी २,८ बसवलं आणि ती प्रतिमा उघडून तुमच्या मदतनिसासमोर धरली. तुमचा फोन वाजला तो त्या ४० बाटसाठी. खात्याच्या नोंदी उघडा, शनिवारी ११:५२ च्या आसपास चाळीसची जमा सापडेल. एवढं डोकं त्याने का चालवलं तेही समजून घ्या. संपूर्ण बनावट स्लिप करून तुमचा फोन वाजत नाही. थोडेसे खरे पैसे टाकले की फोन वाजतो, आणि वाजलेला फोन ऐकून आपण आकडा बघत नाही. दिवाळीच्या आदल्या शनिवारी कढईवर चकली असताना तर नाहीच बघत.

म्हणून तो कोपऱ्यातला चौकोन नीट समजून घ्या. भारतात आपल्याला त्याची सवय नाही. यूपीआयच्या पावतीवर बारा आकडी क्रमांक असतो, पण दुकानदाराने पावती स्कॅन करून खात्री करायची अशी सोय तिथे रुळलेली नाही, म्हणून गल्लीगल्लीत जमा रक्कम बोलून सांगणारे स्पीकरचे डबे बसवले गेले. थायलंडमध्ये बँकांनी स्लिपवरच तपासणीचा क्यूआर छापायला घेतला. काही बँकांच्या स्लिपवर त्याच्याजवळ `สแกนตรวจสอบสลิป` असं लिहिलेलं असतं, म्हणजे ‘स्लिप तपासायला स्कॅन करा’. स्लिपला थाईतही स्लिपच म्हणतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला विचारायला तुमची भाषा पुरेल.

या चौकोनात रक्कम नसते, नाव नसतं, तारीखही वेगळी लिहिलेली नसते. फोनच्या साध्या कॅमेऱ्याने तो वाचला तर आतला मजकूर साधारण असा दिसतो (क्रमांकाच्या जागी मी एक्स घातलेत):

```
0041000600000101030040220XXXXXXXXXXXXXXXXXXXX5102TH9104XXXX
```

मधल्या `0103` नंतर `004` आहे तो पाठवणाऱ्या बँकेचा क्रमांक, ००४ म्हणजे कासिकोर्न बँक, ०१४ असता तर सयाम कमर्शियल. त्यापुढच्या `0220` चा अर्थ असा की पुढे वीस अक्षरांचा व्यवहार क्रमांक आहे. `TH` म्हणजे थायलंड आणि शेवटची चार अक्षरं आधीचा मजकूर नीट वाचला गेला की नाही हे पडताळायला. बस, एवढंच. तुम्ही बँकेच्या अ‍ॅपमधून स्कॅन करता तेव्हा अ‍ॅप हा क्रमांक घेऊन पाठवणाऱ्या बँकेकडे विचारणा करतं आणि बँकेच्या नोंदीत जे आहे ते तुमच्या स्क्रीनवर आणतं. म्हणून स्लिपवरची रक्कम कितीही सफाईने बदलली तरी चौकोन खरी रक्कमच सांगतो. आणि चौकोन बदलायचा म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या व्यवहाराचा चिकटवावा लागतो. मग स्कॅनमध्ये त्या दुसऱ्या व्यवहाराची तारीख, त्याची रक्कम आणि बहुतेक वेळा भलत्याच माणसाचं नाव उमटतं.

यावरून एक गोष्ट ओघाने येते. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केल्यावर आकड्यांच्या माळेऐवजी एखादं संकेतस्थळ उघडू लागलं आणि तिथे सुंदर हिरव्या अक्षरांत ‘यशस्वी’ आलं, तर तो तपासणीचा चौकोन नव्हेच, तो कुणीतरी तयार केलेला आहे. खरा निकाल फक्त तुमच्या बँकेच्या अ‍ॅपच्या आत दिसतो. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनवर स्कॅन करून दाखवू लागलं तर त्याचाही उपयोग नाही, ती त्याचीच स्क्रीन.

तुमच्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट आता सांगते. स्लिप तपासायला पैसे घेणाऱ्याचंच अ‍ॅप लागत नाही. तुमच्या मदतनिसाचं कुठल्याही थाई बँकेत खातं असेल आणि फोनवर तिचं अ‍ॅप असेल तर तो जागेवरच गिऱ्हाइकाच्या फोनवरचा चौकोन स्कॅन करू शकतो. तुम्हाला फोटो पाठवायचा, तुम्ही घरून मोठा करून बघायचा, मग ‘दे’ म्हणायचं, ही साखळीच निघून जाते. त्याला थाई वाचता येतं, तुम्हाला येत नाही, आणि तपासायचं काम मात्र तुमच्याकडे, हे आत्तापर्यंत उलटंच चाललं होतं. त्याने निकालात तीन गोष्टी बघायच्या: घेणारं नाव तुमचं आहे का, रक्कम बिलाएवढी आहे का, वेळ आत्ताची आहे का. तुमचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि अर्धं झाकलेलं येतं, ते कसं दिसतं ते त्याला एका जुन्या खऱ्या स्लिपवर दाखवून ठेवा.

फोटोवरूनच तपासायची वेळ आली, म्हणजे घरून डब्याची ऑर्डर असेल, तर स्क्रीनचा काढलेला फोटो घेऊ नका. मूळ स्लिप पाठवायला सांगा. बरीच अ‍ॅप्स ती आपोआप फोनच्या फोटोंमध्ये ठेवतात, लाइनवर पाठवणं गिऱ्हाइकाला अर्ध्या मिनिटाचं काम आहे. बँक अ‍ॅपच्या स्कॅनच्या पानावर फोटोंमधून चित्र निवडायची खूण असते, तिथून ती उघडायची. दुसऱ्या फोनच्या काचेचा फोटो काढला की त्यावर लाटांसारख्या रेषा येतात, दिव्याची तिरीप नेमकी चौकोनावर पडते, बोट कोपऱ्यावर येतं. अशा फोटोत चौकोन वाचला गेला नाही तर त्यावरून स्लिप खोटीही ठरत नाही आणि खरीही. ‘मूळ पाठवा’ एवढंच म्हणायचं. तीनदा मागूनही जो कोपरा कापलेलाच फोटो पाठवतो, त्याला मी माल देत नाही.

स्कॅन न होण्याची साधी कारणंही असतात. महिनाअखेरीस पगार होतात तेव्हा बँकांची अ‍ॅप्स अडतात. काही बँकांची नोंद तपासणीत दिसायला थोडा वेळ घेते. ‘सापडलं नाही’ असं आलं तर पाच मिनिटं थांबून पुन्हा स्कॅन करा. तेवढ्यात गिऱ्हाइकावर खोटेपणाचा आळ घेऊ नका, एका बाईंच्या बाबतीत ते होऊन गेलंय. आणखी एक शब्द ओळखून ठेवा: `ตั้งเวลา`. स्लिपवर हा असेल तर पैसे आत्ता पाठवलेले नाहीत, पुढच्या तारखेसाठी लावून ठेवलेत, आणि ते मधेच रद्द करता येतात. दुकानाच्या क्यूआरवर दिलेल्या पैशांच्या स्लिपवर मात्र वरच्या शब्दांऐवजी `ชำระเงินสำเร็จ` येतं, ते ठीक आहे, त्याचा अर्थ ‘पैसे भरले’.

आता या चौकोनाचीही मर्यादा सांगते, ती मी स्वतः भोगली आहे. बँकॉकच्या पाहुरात भागातल्या एका कापड दुकानाचे हिशेब मी काही वर्षं बघत होते. खाली सुटं कापड, वर तयार कपडे, दोन मजल्यांवर दोन गल्ले आणि खातं एकच. एक गिऱ्हाईक खाली १,६५० बाटचं कापड घेऊन स्लिप दाखवून गेलं. खालच्या मुलीने स्कॅन केलं, सगळं बरोबर. वीस मिनिटांनी त्याचा जोडीदार वरच्या गल्ल्यावर तेवढ्याच किमतीचे कपडे घेऊन तीच स्लिप आपल्या फोनवर दाखवून गेला. वरच्या मुलीनेही स्कॅन केलं आणि निकाल पुन्हा बरोबर आला. येणारच होता, कारण स्लिप खरीच होती. व्यवहार झाला होता का, एवढंच चौकोन सांगतो. तो आधी कुणाच्या बिलावर खर्ची पडला हे त्याला माहीत नसतं. रात्री जमा एकदाच आणि बिलं दोन, तेव्हा कळलं. मालकांनी पैसे वरच्या मुलीच्या पगारातून कापायला काढले होते, मी भांडून ते थांबवलं. तिने सांगितलेलं काम तंतोतंत केलं होतं, आम्हीच अर्धं सांगितलं होतं.

त्यानंतर आम्ही एक वही ठेवली. प्रत्येक बिलावर स्लिपची वेळ आणि व्यवहार क्रमांकाची शेवटची चार अक्षरं लिहायची, ती वहीत आधी असतील तर माल थांबवायचा. तुमच्या स्टॉलला एक छोटी वही पुरेल. स्लिपवरची वेळ दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जुनी असेल तरी मदतनिसाने वहीत बघायचं, कारण पैसे देणारा माणूस सहसा तुमच्या समोर उभा राहूनच देतो.

याहून पक्का मार्ग एकच, स्वतःच्या खात्यातली जमा बघणे. तुम्ही घरी असता म्हणून ते जमत नाही असं वाटतं, पण थाई बँकांची दुकानदारांसाठी वेगळी अ‍ॅप्स आहेत: कासिकोर्नचं के शॉप, सयाम कमर्शियलचं मे-मनी, क्रुंगथाईचं थुंग-न्गन. तुमच्या बँकेच्या शाखेत जाऊन एवढंच विचारा की मदतनिसाच्या फोनवर जमा झालेली रक्कम दिसेल, पण खात्यातले पैसे त्याला हलवता येणार नाहीत, अशी जोडणी करून मिळेल का. पासपोर्ट आणि खात्याचे कागद सोबत न्या. ते होईपर्यंत स्कॅन आणि वही.

शेजारच्या देशातला पाहुणा आला तर मात्र चौकोनाच्या भरवशावर राहू नका. मलेशिया, व्हिएतनाम किंवा इंडोनेशियाची काही अ‍ॅप्स थाई क्यूआरवर पैसे देऊ शकतात, आणि त्यांच्या यशाच्या पानावर हा थाई तपासणीचा चौकोन नसतो. तिथे तुमच्या खात्यातल्या जमेशिवाय दुसरा पुरावा नाही. मदतनिसाने तुम्हाला फोन करायचा, तुम्ही खातं उघडून रक्कम वाचायची, मग माल. गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, थाई माणसं यावर रागावत नाहीत, तिथल्या दुकानांत हे रोजचं आहे.

राहिले २,८०० बाट. पैसे तुमच्या खात्यातून गेलेले नाहीत, म्हणून बँकेला खातं गोठवायला सांगून काही होणार नाही. पण चाळीस बाट पाठवताना त्या माणसाने आपल्या खऱ्या खात्याची नोंद मागे सोडली आहे. फोटो, तुमच्या अ‍ॅपमधल्या स्कॅनच्या निकालाचं चित्र, खात्यातली चाळीसची जमा आणि फराळाचं बिल, हे चार कागद घेऊन बाजाराच्या जवळच्या पोलीस ठाण्यात जा. मदतनिसाला बरोबर न्या, माणूस त्याने पाहिला आहे आणि थाईत बोलणारा तो आहे. त्याला आधीच सांगा की तक्रार त्याच्याविरुद्ध नाही, नाहीतर तो घाबरून यायचाच नाही. भाषेची अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक इंग्रजीत बोलतो. पैसे मिळतीलच असं मी म्हणणार नाही. नाव-खातं पोलिसांकडे लिहिलं गेलं आणि त्याच माणसाविरुद्ध आणखी कुणाची तक्रार आधीच पडलेली असेल तर दोन्ही जुळतात.

आणि स्कॅनच्या निकालाचं चित्र आजच काढून ठेवा. मूळ फोटोही मदतनिसाच्या फोनमधून पुसू देऊ नका. लाइनवरून आलेली प्रत लहान झालेली असते, त्याच्याकडची मोठी आहे, आणि तिच्यात २,८ हे आकडे पुढच्या ४० पेक्षा किंचित गडद दिसतात का तेवढं एकदा पाहून मला कळवा.